डॉक्टर घरी यावेत यासाठी फोनवर काय सांगावं

अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध माणसासाठी डॉक्टरांना फोन करताना बहुतेक घरांतून पहिलं वाक्य साधारण सारखंच निघतं: ‘डॉक्टर, आईंची तब्येत खूप बिघडलीय, तुम्ही लगेच येऊन जा.’ या वाक्यात काळजी पुरेपूर असते, पण डॉक्टरांना काही ठरवता येईल असं त्यात काहीच नसतं. फोन घेणारा डॉक्टर त्या क्षणी तीन पर्यायांतून निवड करत असतो. रुग्णाला आत्ताच्या आत्ता रुग्णालयात हलवायला सांगायचं, दवाखाना आटोपून घरी जाऊन यायचं, की फोनवरच औषधात बदल करून, रक्ता-लघवीची तपासणी सांगून उद्या पाहायचं. हे दोन गोष्टींवर ठरतं. रुग्णात रोजच्यापेक्षा काय बदललं आणि कधीपासून, ही पहिली गोष्ट. रुग्ण ज्या खोलीत आहे तिथे पोचायची आणि तिथून त्याला बाहेर काढायची वाट कशी आहे, ही दुसरी. पहिली आपण अर्धवट सांगतो आणि दुसरीच्या नावाने फक्त पत्ता देतो. खरं तर या दोन्ही मिळून एकाच प्रश्नाचं उत्तर देतात: या माणसावर याच खोलीत उपचार होऊ शकतील का, आणि नाही झाले तर पुढे काय? डॉक्टर ज्या जिन्याने वर चढणार, त्याच जिन्याने वेळ आली तर रुग्णाला खाली उतरवायचं असतं.

आधी बदलाचं पाहू. फोनवर आपण सहसा आजारांची यादी देतो: बीपी आहे, शुगर आहे, खुबा मोडला होता, ऐकू कमी येतं. ही यादी लागतेच, पण ती गेल्या महिन्यातही हीच होती, त्यामुळे आज फोन का केला ते तिच्यातून कळत नाही. अंथरुणावरच्या माणसाच्या बाबतीत ही अडचण जास्त असते, कारण ‘उठत नाही’, ‘नीट बोलत नाही’, ‘भरवावं लागतं’ ही त्याची रोजचीच अवस्था असू शकते. आठवड्यापूर्वीपर्यंत हा माणूस नातवाला नावाने हाक मारत होता की वर्षभर कुणालाच ओळखत नाही, हे डॉक्टरांना कोण सांगणार? ते फक्त घरच्यांना माहीत असतं. म्हणून सुरुवात ‘रोज’पासून करावी आणि मग ‘काल दुपारपासून’वर यावं. ‘रोज भरवलं की अर्धी भाकरी कुस्करून खातात, काल दुपारपासून घास गालात धरून ठेवतात, गिळत नाहीत’ हे वाक्य ‘काही खात नाहीत’ यापेक्षा कितीतरी जास्त सांगतं. गिळणं बिघडलंय, की भूक गेलीय, की गुंगी आहे, हे प्रश्न डॉक्टरांच्या मनात तिथेच सुरू होतात.

वृद्ध शरीर बिघाडाची खूण तरुण शरीरासारखी देत नाही, हे इथे लक्षात ठेवायला हवं. छातीत किंवा लघवीत जंतुसंसर्ग झाला तरी सत्तरी-ऐंशीपुढच्या माणसाला ताप येईलच असं नाही. थर्मामीटर ९९ दाखवतो आणि घर निश्चिंत होतं. त्याऐवजी माणूस असंबद्ध बोलू लागतो, दिवस-रात्रीचा घोळ करतो, किंवा नुसताच झोपाळू होतो. रात्रभर बडबड करणाऱ्या, उशा फेकणाऱ्या आजोबांकडे सगळ्यांचं लक्ष जातं. गप्प पडून राहणाऱ्यांकडे मात्र ‘आज शांत झोपल्यात, बरं झालं’ असं म्हणून दुर्लक्ष होतं. दोन्ही प्रकार एकाच बिघाडाचे असू शकतात, आणि गप्प प्रकार उशिरा लक्षात येत असल्याने जास्त धोक्याचा ठरतो. त्यामुळे गुंगी आधी सांगावी आणि तिची खोलीही सांगावी: हाक मारल्यावर डोळे उघडतात का, उत्तर देतात का, ते उत्तर जुळतं का, की खांदा हलवल्याशिवाय जागच येत नाही.

‘आम्ही डॉक्टर नाही, आम्हाला हे मोजता कसं येणार?’ ही शंका रास्त आहे. निदान करायला घरच्यांना कुणी सांगत नाही आणि त्यांनी ते करूही नये. पण मोजणं वेगळं. सगळ्यात उपयोगी मोजमापाला घड्याळाखेरीज काही लागत नाही, ते म्हणजे श्वास. रुग्णाला न सांगता त्याच्या छातीकडे किंवा पांघरुणाकडे पूर्ण एक मिनिट पाहून ते किती वेळा वर-खाली होतं ते मोजावं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, त्यात चूक मोठी होते. स्वस्थ पडलेल्या प्रौढ माणसाचा आकडा साधारण १२ ते २० असतो. तो २५ किंवा त्याहून जास्त आला आणि पाच-दहा मिनिटांनी पुन्हा मोजूनही तेवढाच राहिला, तर फोनवर हीच गोष्ट पहिली सांगावी. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र घरी असेल तर बोट आधी चोळून गरम करावं, नेलपॉलिश काढावं आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावं. गार बोटावर ते कमी दाखवू शकतं. शिवाय नेहमीचा आकडा किती असतो तेही सांगावं, कारण जुनाट दम्याच्या काही रुग्णांचा ऑक्सिजन एरवीही कमीच असतो. मधुमेही माणूस गुंगीत असेल तर फोनआधी साखर तपासावी. ती ७०च्या खाली असेल तर तेच गुंगीचं कारण असू शकतं. माणूस जागा असून गिळू शकत असेल तर लगेच साखरपाणी देऊन मग फोन करावा, आणि बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णवाहिका बोलवावी. लघवीचा हिशोब डायपरवरून होतो: काल रात्रीपासून किती बदलले आणि किती भिजलेले होते. नळी घातलेली असेल तर पिशवी शेवटची कधी रिकामी केली ते सांगावं. पिशवी कित्येक तास कोरडी आहे, ओटीपोट फुगून घट्ट लागतंय आणि रुग्ण अस्वस्थ आहे, तर नळी तुंबलेली असू शकते. अशा वेळी नळीच्या टोकावर छापलेला आकडा वाचून सांगितला तर डॉक्टर किंवा नर्स त्याच मापाची नवी नळी घेऊनच निघतात. औषधांची नावं आठवून सांगू नयेत, पाकिटं हातात घेऊन वाचावीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिचा उल्लेख आवर्जून करावा.

हे सगळं एका फोनमध्ये कसं मावतं ते पाहू. समजा, पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ८४ वर्षांच्या आजी आहेत. दोन वर्षांपूर्वी खुब्याची शस्त्रक्रिया झाली, चालणं परत आलं नाही. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. बुधवारी दुपारपासून त्या गुंगीत आहेत आणि गुरुवारी सकाळी साडेनऊला, दवाखाना सुरू व्हायच्या आधी, सून फोन करते: ‘डॉक्टर, मी आजींची सून बोलतेय, दिवाळीत तुम्ही त्यांना घरी पाहून गेला होतात. आज यावं लागेल का, ते विचारायला फोन केलाय. एरवी त्या पडूनच असतात, पण सगळ्यांना ओळखतात, गप्पा मारतात, भरवलं की जेवतात. काल दुपारपासून झोपाळू आहेत. हाक मारली की डोळे उघडतात, पण मला माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारतात. कालपासून थोडी पेज आणि दोन वाट्या पाणी एवढंच पोटात गेलंय. रात्रीपासून एकच डायपर ओला झाला, तोही थोडासा, वास उग्र आहे. श्वास मिनिटाला २२, दोनदा मोजला. ऑक्सिजन ९५, नेहमी ९६ असतो. ताप ९९.४. बीपी ११०-७०, एरवी १४०च्या आसपास असतं. साखर १४२. तोंड वाकडं झालेलं नाही, दोन्ही हात हलवतात. सकाळच्या गोळ्या अजून दिलेल्या नाहीत, देऊ का?’

हे सांगायला दीड मिनिट लागत नाही, आणि डॉक्टरांना यातून बरंच काही कळतं. साखर ठीक आहे, म्हणजे गुंगी साखर उतरल्याची नाही. हात आणि चेहरा ठीक आहे, त्यामुळे पक्षाघाताची शक्यता पूर्ण गेली नाही तरी मागे पडते. श्वास थोडा वाढलाय, रक्तदाब रोजच्यापेक्षा उतरलाय, लघवी कमी आणि उग्र. शरीरातलं पाणी कमी झालंय आणि बहुधा लघवीत संसर्ग आहे. शेवटचा प्रश्न तर फार मोलाचा. अन्न पोटात जात नसताना मधुमेहाची गोळी दिली तर साखर धोकादायक उतरू शकते, आणि ११० वर आलेल्या रक्तदाबावर आणखी बीपीची गोळी देणंही बरं नव्हे. डॉक्टर दोन्ही गोळ्या थांबवायला सांगतात, प्रयोगशाळेच्या माणसाला रक्त आणि लघवीचा नमुना घ्यायला घरी पाठवतात, दीड वाजता स्वतः येतो म्हणतात. शिवाय सांगून ठेवतात की तोवर श्वास २५च्या पुढे गेला, बीपी १००च्या खाली आलं किंवा आजी हाकेला उठेनाशा झाल्या तर माझी वाट पाहू नका. याच फोनमध्ये श्वास ३२ असता किंवा एक हात लुळा पडलेला असता, तर घरी येण्याचा विषयच निघाला नसता.

आता सून पुढे काय सांगते ते ऐकण्यासारखं आहे: ‘इमारतीला लिफ्ट नाही. जिना लाकडी आणि अरुंद आहे, दुसऱ्या मजल्यावर वळण आहे, तिथे स्ट्रेचर वळत नाही. मागच्या वेळी खुर्चीला चादरीने बांधून दोघांनी उतरवलं होतं. आत्ता घरी मी एकटीच आहे, हे पाचनंतर येतात.’ वरवर ही घरची अडचण वाटते, पण उपचाराचा निर्णय हिच्यावर फिरतो. लिफ्ट असलेल्या, दारात गाडी येणाऱ्या घरी डॉक्टर म्हणू शकतात, ‘संध्याकाळपर्यंत पाहू, फरक नाही पडला तर हलवू.’ या घरी संध्याकाळपर्यंत वाट पाहणं म्हणजे अंधारात, खचलेल्या अवस्थेतल्या माणसाला त्या जिन्यावरून उतरवणं. त्यामुळे दीड वाजता तपासून शंका उरली तर डॉक्टर दुपारीच हलवायचं ठरवतील, आणि मुलाला लवकर बोलावून घ्यायला फोनवरच सांगतील. घराच्या वाटेची माहिती लपवली किंवा राहून गेली, तर हा विचार कुणी आधी करत नाही. मग रात्री दहाला जिन्याच्या वळणावर तो करावा लागतो.

वाटेचं वर्णन येणाऱ्याच्या चालीने करावं, म्हणजे रस्त्यापासून पलंगापर्यंत. गाडी कुठे लावता येईल? पेठांत किंवा दादर-गिरगावसारख्या भागांत सम-विषम तारखेचं पार्किंग, गणपतीच्या दिवसांत बंद असणारे रस्ते, आठवडी बाजार, हे सांगून ठेवलं तर डॉक्टर दुचाकीने येतील. मोठ्या सोसायटीत कोणत्या फाटकातून आत यायचं, विंग कोणती, फ्लॅटचा क्रमांक काय, आणि रखवालदाराला नाव आधीच देऊन ठेवलंय का? नकाशावरचं ठिकाण जरूर पाठवावं, पण जुन्या वस्तीत ते पलीकडच्या गल्लीत नेऊन सोडतं, म्हणून एक खूण आणि खाली उभा राहणारा एक माणूस हवाच. मजला सांगताना लिफ्ट चालू आहे का तेही सांगावं, कारण डॉक्टर ईसीजीचं यंत्र आणायचं की नाही ते त्यावरही ठरवतात. खोलीत पलंग भिंतीला चिकटलेला असेल तर आधीच पुढे ओढून दोन्ही बाजूंनी जागा करावी. पाठीवरची आणि टाचेची जखम पाहायला रुग्णाला कुशीवर वळवावं लागतं, त्याला दोन माणसं लागतात. दिवा चांगला हवा. घरात कुत्रा असेल तर त्याला दुसऱ्या खोलीत ठेवावं. कानाचं यंत्र रुग्णाला लावून ठेवावं, नाहीतर न ऐकू येण्याला गोंधळ समजण्याची चूक होते.

यावर अनुभवी घरांकडून एक आक्षेप येतो: इतकं तंतोतंत सांगितलं की डॉक्टर ‘मग काही घाई नाही’ म्हणतात, थोडं वाढवून सांगितल्याशिवाय कुणी येत नाही. हा अनुभव खोटा नाही. पण वाढवून सांगण्याने नेमकं काय होतं? ‘श्वासच लागत नाहीये’ असं ऐकल्यावर शहाणा डॉक्टर घरी येणार नाही, तो रुग्णालयात न्यायला सांगेल, आणि त्याचं बरोबरच असेल. मग ज्या ८४ वर्षांच्या बाईवर घरच्या पलंगावर उपचार झाले असते, तिला जिना उतरवून, अपघात विभागातल्या अरुंद ट्रॉलीवर तासन्‌तास ठेवून, अनोळखी उजेडात आणखी गोंधळून टाकलं जातं. उलट बाजूचं नुकसान याहून मोठं आहे. दोनदा वाढवून सांगितलेल्या घराचा तिसरा फोन डॉक्टर आपोआप थोडा कमी करून ऐकतात. डॉक्टर ‘घाई नाही’ म्हणाले आणि तुमचं मन मानत नसेल, तर आकडे तसेच ठेवून सरळ विचारावं: ‘कशात किती फरक पडला तर मी पुन्हा फोन करू?’ उत्तर कागदावर लिहून पलंगाशी ठेवावं.

काही गोष्टींत मात्र घरी बोलावण्याची विनंती करूच नये, कारण डॉक्टर वाटेत असतानाचा वेळ वाया जातो. अचानक तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं. यात रक्ताची गाठ विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांतच देता येतं, आणि ते देण्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन लागतो. तो घरी होत नाही. दरदरून घाम येऊन छातीत दुखणं, दोन शब्द बोलल्यावर धाप लागणं, अजिबात जाग न येणं, उलटीतून रक्त किंवा डांबरासारखी काळी शौच होऊन गळून जाणं, पडल्यावर खुबा दुखून पाय आखूड किंवा वळलेला दिसणं. या सगळ्यांत आधी रुग्णवाहिका, मग डॉक्टरांना फोन. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४पासून मोफत आहे. गाडीसोबतची माणसं मोजकीच असतात, म्हणून जिन्यावरून उतरवायला आणखी दोघा-तिघांना शेजारून गोळा करावं.

‘घरी येणं हे डॉक्टरांचं कर्तव्यच आहे’ असंही बोललं जातं. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारनियमांत डॉक्टरांनी आजारी माणसाच्या हाकेला तत्पर असावं असं म्हटलं आहे, पण त्याच कलमात प्रत्येक विनंती स्वीकारण्याचं बंधन त्यांच्यावर नाही, हेही आहे. एकट्याने दवाखाना चालवणारा डॉक्टर बाहेर पडला की तिथले रुग्ण ताटकळतात. त्यामुळे ‘लगेच या’पेक्षा ‘दवाखाना संपल्यावर जमेल का, तोवर काय करू?’ हा प्रश्न जास्त फळतो. घरभेटीची फी किती, हे फोनवरच मोकळेपणाने विचारावं. त्यात कुणाचाच अपमान नाही. ‘येताना सलाईन लावून द्या, तरतरी येईल’ ही मागणी मात्र सोडून द्यावी. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्या वृद्धाला सलाईन भराभर दिलं तर पाणी फुप्फुसांत साचतं आणि डॉक्टर निघून गेल्यावर दोन तासांनी दम लागतो. काही प्रतिजैविकांची पहिली सुई घरी द्यायला डॉक्टर का-कू करतात, त्यालाही असंच कारण आहे: तीव्र ॲलर्जी झाली तर ती सावरायची साधनं तिथे नसतात.

व्हिडिओ कॉलने हे सगळं भागेल का? काही अंशी भागतं. पाठीची जखम, श्वासाची लय, पायाची सूज, गुंगीची खोली पडद्यावर चांगली दिसते, म्हणून डॉक्टर हो म्हणाले तर जखमेचा उजेडात काढलेला फोटो आणि श्वासाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ आधी पाठवावा. पण फुप्फुसाच्या तळाशी येणारी घरघर, फुगलेलं मूत्राशय, साचून दगड झालेली शौच यांना हात आणि स्टेथोस्कोप लागतो. अंथरुणावरच्या माणसाला अचानक पातळ शौच सुरू झाली तर ती पुष्कळदा आत अडकलेल्या घट्ट शौचेच्या बाजूने झिरपत असते. फोनवर ऐकून जुलाब थांबवायचं औषध दिलं तर त्रास वाढतो, आणि बोटाने तपासल्याशिवाय ते कळत नाही.

सगळ्यात अवघड फोन त्या घराचा असतो जिथे डॉक्टरांनी रुग्णाला कधी पाहिलेलंच नाही. घराजवळचे जुने डॉक्टर निवृत्त झाले, रुग्णालयातले तज्ज्ञ घरी येत नाहीत, आणि मध्यरात्री यादीतून नंबर शोधले जातात. त्याला उपाय एकच आहे: प्रकृती स्थिर असतानाच, घाई नसलेल्या एखाद्या दुपारी, एका डॉक्टरांना ठरवून घरी बोलवावं. तेव्हा ‘रोज’ कसं असतं ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं, जिना त्यांनी चढलेला असतो, जुने कागद पाहिलेले असतात, आणि रुग्णालयात किती न्यायचं, किती नाही, याबद्दल आजी शुद्धीत असताना त्यांची स्वतःची इच्छा विचारता येते. आणखी एक व्यावहारिक बाजू आहे, जी बोलायला जड जाते. माणूस घरीच गेला तर मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र, नमुना ४-अ, शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी द्यायचं असतं. ज्यांनी रुग्णाला जिवंतपणी पाहिलंच नाही असे डॉक्टर ते द्यायला नकार देतात, आणि तो नकार योग्य असतो. मग दुःखाच्या त्या रात्री घरच्यांना दारोदार फिरावं लागतं, कधी प्रकरण पोलिसांपर्यंत जातं. दोन-तीन महिन्यांनी एक ठरलेली भेट असेल तर ही वेळ सहसा येत नाही.

गावात ठरवून बोलावण्याजोगे डॉक्टर नसतील तर हेच काम आशा सेविका किंवा उपकेंद्रातल्या आरोग्य सेविकेकडे नाव नोंदवून सुरू करावं. वृद्धांसाठीच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात अंथरुणावरच्या रुग्णांच्या घरभेटी धरलेल्या आहेत, पण तुमच्या वाडीत असा रुग्ण आहे हे प्राथमिक आरोग्य केंद्राला कुणीतरी कळवावं लागतं. तिथे पत्ता सांगताना गाडी कुठपर्यंत येते आणि पुढे पायवाट किती, पावसाळ्यात साकव पाण्याखाली जातो का, डोली करायची झाली तर चार माणसं दिवसा मिळतात की संध्याकाळी शेतावरून परतल्यावर, हे नोंदवून द्यावं, आणि मृगाच्या आधी ही नोंद एकदा पुन्हा तपासून घ्यावी.